अख्खी साईट पाडायची, की गळकं कौल बदलायचं?

प्रश्न: आमचा घरगुती चटणी-मसाल्याचा व्यवसाय आहे. मुख्य विक्री ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवर होते. पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून वेबसाईट करून घेतली, पण तिच्यावरून महिन्याला 14-15 ऑर्डरच येतात. एका ऑर्डरमागे सगळा खर्च जाऊन सव्वाशे रुपये सुटतात. एका एजन्सीनं साईट पूर्ण नव्यानं करायचं कोटेशन दिलंय, 1,65,000 रुपये अधिक जीएसटी. आमच्याकडे बाजूला काढलेले 50,000 आहेत. मालक म्हणतात, पतसंस्थेतून कर्ज काढू आणि एकदाच काय ते करून टाकू. मुलगी म्हणते, आहे तीच थोडी थोडी सुधारू. तिनं साईटचे आकडे काढलेत, त्याचा फोटो सोबत जोडलाय. काय करावं? – एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र आल्यावर मी आधी एक काम केलं. रात्री जेवण झाल्यावर स्वतःच्या फोनवरून तुमच्या साईटवर पाव किलो चटणी मागवली. चौथ्या दिवशी ती घरी आली. चटणी झकास आहे, डंकावर कुटलेली आहे हे वास घेताच कळतं. पण ती ऑर्डर पुरी करायला मला अकरा मिनिटं लागली आणि दोनदा वाटलं, राहू दे, उद्या फोनच करू. तुम्हाला द्यायच्या उत्तराची सुरुवात त्या अकरा मिनिटांतच आहे.

त्याआधी मुलीनं पाठवलेला फोटो घेऊ. तिला शाबासकी द्या, कारण कोटेशन हातात घेऊन भांडणाऱ्या बहुतेक घरांत हे आकडे कुणी बघितलेलेच नसतात. तिच्या फोटोत एका महिन्याचा हिशेब असा आहे. साईटवर 1,480 लोक आले. त्यातल्या 820 जणांनी एखादा तरी माल उघडून बघितला. 104 जणांनी तो पिशवीत टाकला, म्हणजे तिच्या तक्त्यात `add_to_cart` समोर आहे तो आकडा. 63 जण पत्ता भरायच्या पानावर गेले, ते `begin_checkout`. आणि पैसे भरले 14 जणांनी.

आता हे दुकान समजून बघा. 820 जणांनी माल हातात घेतला आणि 104 जणांनी तो टोपलीत टाकला, म्हणजे साधारण आठातल्या एकानं. अनोळखी घरगुती चटणीसाठी हे प्रमाण वाईट नाही, चांगलंच आहे. तुमचे फोटो जुने असतील, रंग भडक असतील, पण बघणाऱ्याला चटणी घ्यावीशी वाटतेय. खरी गळती त्यानंतर आहे. टोपली भरून गल्ल्यापर्यंत आलेल्या 63 जणांतले 49 टोपली तिथंच ठेवून निघून गेले. मोठ्यामोठ्या ऑनलाईन दुकानांतही दहातल्या सात टोपल्या भरून सोडून दिल्या जातात, त्यामुळं सगळे थांबतील ही आशा नको. पण तुमच्याकडं 104 मधले 90 गेले, दहातले जवळजवळ नऊ.

एजन्सीचं कोटेशन याच्या शेजारी ठेवा. त्यात नवं मुखपृष्ठ आहे, नवा लोगो आहे, हलणारी चित्रं आहेत, ‘आमची कहाणी’ म्हणून एक पान आहे. म्हणजे सगळा खर्च दुकानाच्या पाटीवर आणि शोकेसवर. गल्ल्याबद्दल एकच ओळ आहे, ‘पेमेंट जोडणी’. जिथं माणसं थांबतायत ती जागा ते नवी करणार आणि जिथून उठून जातायत ती आहे तशीच राहणार. एजन्सी लबाड आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही त्यांना साईट जुनी दिसते असं सांगितलं असेल, त्यांनी नवी दिसण्याचा दर दिला.

दुसरा हिशेब पैशाचा. 1,65,000 वर 18 टक्के जीएसटी धरला की 1,94,700 होतात. समजा नवी साईट इतकी छान झाली की ऑर्डर दुप्पट झाल्या, म्हणजे महिन्याला 14 जास्तीच्या. सव्वाशेनं त्याचे 1,750 रुपये सुटले. नुसतं मुद्दल फिटायला 111 महिने, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त, आणि पतसंस्थेचं व्याज वेगळं. साईटचं आयुष्य तेवढं नसतं. हा कागद मालकांना दाखवा. ‘एकदाच काय ते’ हे विहिरीच्या बाबतीत ठीक आहे, साईटच्या बाबतीत तसं कधी होत नाही.

तर माझं मत मुलीच्या बाजूचं आहे. पण ‘थोडी थोडी’ म्हणजे दिसेल ते रंगवत सुटायचं असं नाही. गळती जिथं जास्त तिथून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता ती अकरा मिनिटं. चटणीच्या पानावर किंमत होती 150 रुपये, पाव किलो. मी बटण दाबलं. पुढं साईट म्हणाली, आधी खातं उघडा. पासवर्ड तयार करा, तोही कॅपिटल अक्षर आणि चिन्ह घालून. चटणीसाठी पासवर्ड! तो झाल्यावर पत्ता. त्यात कंपनीचं नाव विचारलं होतं. मोबाईल नंबर माझ्या फोननं आपोआप भरला तो +91 लावून, तर लाल अक्षरात चूक दाखवली आणि चूक काय ते सांगितलंच नाही. मी या धंद्यातला म्हणून +91 काढून बघितलं. पुण्यातल्या एखाद्या काकू काय करतील? हे सगळं पार केल्यावर, अगदी पैसे भरायच्या पानावर, पहिल्यांदा दिसलं: कुरिअर 95 रुपये. दीडशेच्या चटणीला पंचाण्णव. एकूण 245.

तुमच्या 49 जणांतले बरेच इथं गेले असणार. कुरिअरला पैसे पडतात हे गिऱ्हाईकाला ठाऊक असतं, पण ते शेवटच्या पायरीवर कळलं की फसवल्यासारखं वाटतं. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावतो, व्हॉट्सॲपवर तुम्हाला पहिला प्रश्न हाच येत असणार: ‘घरपोच किती पडेल?’

पहिली दुरुस्ती फुकटातली आहे. तुमची साईट वर्डप्रेसवर आहे आणि दुकानाचा भाग वूकॉमर्सचा. त्यात WooCommerce च्या Settings मध्ये `Accounts & Privacy` नावाचं पान आहे. खातं न उघडता ऑर्डर देऊ द्यायची परवानगी तिथं मिळते. एक खूण करायची आणि जपून ठेवायचं, पाच मिनिटांचं काम. कंपनीच्या नावाचा रकाना काढणं आणि +91 असलेला नंबर चालवून घेणं हे मुलीला जमलं तर उत्तम, नाहीतर जाणकार माणसाचं दोन-तीन तासांचं काम आहे.

कुरिअरचा प्रश्न मात्र साईटचा नाही, पॅकिंगचा आहे, आणि इथं जरा थांबू. माझ्या पार्सलवरची पावती मी नीट वाचली. वजन 340 ग्रॅम, आकारणी 500 ग्रॅमची. कुरिअरवाले बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं पैसे घेतात. तुमची पाव किलोची बरणी खोक्यासकट 340 भरते, म्हणजे टप्प्यातले 160 ग्रॅम रिकामेच प्रवास करतात. आणि अर्धा किलोची ऑर्डर येते तेव्हा उलटं होतं. बरणी, खोकं धरून ती 500 च्या पुढं जाते आणि पुढचा टप्पा लागतो. साईटवर तुम्ही सगळ्याला सरसकट 95 लावलेत, म्हणजे अर्ध्या किलोवर वरचा फरक तुम्ही पदरचा भरताय. तुमच्या सव्वाशेतला काही भाग इथं झिरपतोय की काय, हे महिन्याच्या कुरिअर बिलावरून एकदा तपासा.

म्हणून बरणी सोडा आणि 400 ग्रॅमचा जाड पाऊच काढा. पाऊच आणि छोटं खोकं मिळून 80-90 ग्रॅमच्या आत राहिलं की सगळं 500 च्या टप्प्यात बसतं. खोकं फार मोठं घेऊ नका. कुरिअरवाले आकारमानाचंही वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा 5,000 नं भागायची. 20 बाय 15 बाय 8 चं खोकं घेतलं तर 2,400 भागिले 5,000, म्हणजे 480 ग्रॅम, चालतंय. उंची 8 ऐवजी 10 केली की 600 ग्रॅम, पुढचा टप्पा. आत हलकी चटणी असली तरी. भागाकाराचा आकडा तुमच्या कुरिअरवाल्याला विचारून घ्या.

किंमत तुमच्याच दरानं 400 ग्रॅमची 240, त्यात 95 मिळवून साईटवर सरळ लिहा: ‘400 ग्रॅम, घरपोच 335 रुपये’. आता पाव किलो घरपोच 245 ला पडते, म्हणजे ग्रॅमला 98 पैसे. 400 चा पाऊच ग्रॅमला 84 पैशांना पडेल. गिऱ्हाईकाचा फायदा, तुमचं कुरिअर तेवढंच, आणि शेवटच्या पानावर धक्का नाही. यात डिझाईन कुठं आहे? कुठंच नाही. एजन्सीच्या कोटेशनमध्ये हे येणार नव्हतं, कारण त्यांनी तुमचं पार्सल कधी उचलून बघितलेलं नाही.

दुसरी दुरुस्ती शब्दांची. आपल्या कोल्हापूरला चटणी म्हटलं की काय ते सांगायला लागत नाही. तिखट, कांदा, लसूण, खोबरं, गरम मसाला घालून कुटलेली, वर्षाची भरून ठेवायची ती. पण ठाण्यात, नाशकात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची, शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची. ती माणसं आपल्या चटणीला कांदा-लसूण मसाला म्हणतात आणि गूगलवर तेच शोधतात. तुमच्या पानाचं शीर्षक आहे ‘घरगुती चटणी स्पेशल’. पानभर कुठंही मसाला हा शब्द नाही. मुलीला गूगलचं `Search Console` उघडायला सांगा, ते फुकट असतं. साईट आधी कुणी जोडली नसेल तर आज जोडायची, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत आकडे दिसायला लागतील. लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत येतात, आणि तुमचं पान नुसतं दिसून कुणी उघडत नाही असं कुठल्या शब्दांना होतं, ते तिथं कळतं.

शीर्षक करा ‘कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी (कांदा-लसूण मसाला)’. खाली साधी चार वाक्यं: कुठली मिरची, किती तिखट, भाजीत किती चमचे घालायची, किती महिने टिकते. ब्याडगी जास्त की संकेश्वरी जास्त, हे माहेर कोल्हापूरचं आणि सासर मुंबईचं असलेली बाई नक्की विचारते. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबरही तिथंच दिसू दे, अनोळखी माणसाला त्याचा आधार वाटतो. फक्त एक सांभाळा: शीर्षक बदला, पानाचा पत्ता बदलू नका.

पत्त्याचं का सांगतोय, तर त्यात माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराची साईट मी पूर्ण नव्यानं करून दिली. दिसायला देखणी झाली, त्यांनी पेढे दिले. पण करताना सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्याकडं पाठवायची सोय करायची राहिली. एका पाककृतीच्या पानावरून रोज थोडीफार माणसं त्यांच्याकडं यायची, ती ‘पान सापडत नाही’ वर आपटायला लागली. गूगलवरून येणारीही काही आठवड्यांत आटली. आम्ही दोन महिने नव्या रंगसंगतीला दोष देत बसलो होतो. सगळंच एकदम बदललं होतं, त्यामुळं नेमकं काय बिघडलं ते कळायला मार्गच नव्हता. माझ्या मते पूर्ण नव्यानं करण्यातला खरा धोका हा आहे, पैसे त्यामानानं पुढचे. कधी पत्ता बदलायची वेळ आलीच, तर अपाचे सर्व्हरवरच्या `.htaccess` फाईलमध्ये अशी एकेक ओळ लागते:

```
Redirect 301 /product/gharguti-chatni/ /product/kanda-lasun-chatni/
```

जुना पत्ता, मग नवा. 301 म्हणजे कायमचं स्थलांतर. प्रत्येक पानाला एक ओळ.

तिसरी दुरुस्ती वेगाची, ती थोडक्यात. तुमचं पहिलं पान माझ्या फोनवर उघडायला नऊ सेकंद लागले, कारण वर फिरणारी तीन चित्रं प्रत्येकी चार एमबीची आहेत, कॅमेऱ्यातून काढली तशीच चढवलेली. दोन काढून टाका. राहिलेलं 1,200 पिक्सेल रुंदीचं करून `Squoosh` सारख्या फुकटच्या साधनातून वेबपी प्रकारात जपा, ते दीडशे केबीच्या आसपास येईल. मग `PageSpeed Insights` वर साईटचा पत्ता टाकून फोनचा आकडा बघा. पानावरचा मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. तुमचं चार सेकंदांवर आलं तरी मी खूश होईन. चित्रात काय असावं, तर तुमच्या मागच्या अंगणात चटईवर वाळत घातलेल्या मिरच्या. तो फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावलाय आणि साईटवर कुठंच नाही!

आता मोजायचं कसं, कारण इथं बहुतेक जण फसतात. महिन्याला 14 ऑर्डर हा आकडा इतका लहान आहे की तुम्ही काहीही न बदलता पुढच्या महिन्यात 8 होतील किंवा 20 होतील, नुसत्या योगायोगानं. मग 20 झाल्या की बदल लागू पडला म्हणून नाचायचं आणि 8 झाल्या की मुलीला बोलायचं, दोन्ही चूक. निम्म्या लोकांना एक पान आणि निम्म्यांना दुसरं दाखवून तुलना करतात तो प्रकार तर विसराच, तो हजारो ऑर्डरवाल्यांचा खेळ आहे. तुम्ही गल्ल्यावरचं प्रमाण बघा, म्हणजे 63 जण आले, किती जणांनी पैसे भरले. आज साडेचारातला एक भरतोय. दुरुस्तीनंतर तिनातला एक भरायला लागला आणि दोन-तीन महिने तसंच राहिलं, तर ते खरं. पाव किलोवाली जुनी ऑर्डर तेवढे दिवस तशीच ठेवू नका, नाहीतर दोन्ही आकडे मिसळतील. एक वही करा. तारीख, काय बदललं, आणि त्या आठवड्यात पाऊस, लग्नसराई, जाहिरात असं काही वेगळं होतं का. एवढंच.

आणि आकड्यांच्या जोडीला माणसं बघा. कोल्हापूरबाहेरच्या चार-पाच ओळखीच्यांना, ज्यांनी साईट कधी वापरली नाही अशांना, तुमच्यासमोर फोनवर ऑर्डर द्यायला सांगा. पैसे तुम्ही परत करा. तुमचं काम बाजूला बसायचं आणि गप्प राहायचं. ‘इथं दाब की’ म्हणायचं नाही. जिथं अंगठा थबकतो तिथं खूण करा. पहिल्या तिघांतच निम्म्याहून जास्त अडचणी सापडतात असा माझा अनुभव आहे, आणि त्याला खर्च चहाचा.

आता मालकांची बाजू, कारण ती नेहमीच चुकीची नसते. काही साईट खरोखर पाडूनच बांधाव्या लागतात, आणि तुमची त्यातली आहे का हे ठरवायची एक तपासणी आहे. वर्डप्रेसच्या `Tools` मध्ये `Site Health` नावाचं पान आहे. त्यात पीएचपीची कुठली आवृत्ती चालू आहे ते दिसतं. पीएचपी म्हणजे साईटखालची जमीन समजा. पाच वर्षांपूर्वीच्या साईटवर 7.4 असण्याची शक्यता आहे, आणि तिची सुरक्षेची दुरुस्ती नोव्हेंबर 2022 मध्येच बंद झालीय. एखाद्या जाणकाराकडून साईटची नक्कल करून घ्या आणि त्या नकलेवर 8 च्या पुढची आवृत्ती लावून बघा. खऱ्या साईटवर नको. नक्कल नीट चालली, तर आहे तीच साईट अजून काही वर्षं बिनधास्त वापरा. ती पांढरी पडली किंवा दुकानाचा भाग मोडला, आणि तुमच्या थीमचा, म्हणजे साईटच्या दिसण्याच्या साच्याचा, करणारा आता कुठं सापडत नसेल, तर वरवरच्या दुरुस्त्यांवर पैसे घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला ऑइल पेंट.

दुसरी खूण कामातून दिसते. वर सांगितलेल्या दुरुस्त्या करताना जाणकार माणूस लागोपाठ तीनदा म्हणाला की ‘हे बदललं की ते मोडतंय’, तर थांबा. तिथून पुढं पॅच मारत बसणं नव्यापेक्षा महाग पडतं.

पण तशी वेळ आली तरी नवी साईट म्हणजे जवळजवळ दोन लाखांचीच असं नाही. वूकॉमर्स तेच, माल तोच, पानांचे पत्ते तेच, फक्त थीम बदलून साधी, चालू असलेली घ्यायची. बारा-पंधरा प्रकारचा माल आहे तुमचा, तेवढ्याला 50,000 च्या आत करून देणारे कोल्हापुरात मिळतात. दर ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: मालाची माहिती आणि फोटो कोण चढवणार, जुन्या पत्त्यांची सोय कोण करणार, पुढच्या वर्षापासून वार्षिक किती, आणि डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, कुणाच्या ताब्यात. हा चौथा मुद्दा आज संध्याकाळीच बघा. पाच वर्षांपूर्वी त्या ओळखीच्या मुलानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल, तर तो बंगळूरला नोकरीला गेल्यावर नूतनीकरणाची सूचना त्याला जाईल, तुम्हाला नाही. डोमेन गेलं तर नवी-जुनी दोन्ही साईट गेल्या. त्याच्याकडून खातं तुमच्या ईमेलवर करून घ्या, तो नाही म्हणणार नाही.

तुमचे 50,000 मी असे वापरीन. गल्ल्याचं पान, कुरिअर, वेग आणि ती नक्कल करून तपासणं, यासाठी जाणकार माणसाचे तीन-चार दिवस, साधारण 12,000. पाऊच आणि खोक्यांची पहिली लॉट 8,000 पर्यंत. बाकीचे 30,000 बँकेतच राहू देत. तपासणीत जमीन खचलेली निघाली तर तेच साध्या नव्या साईटला कामी येतील, नाही निघाली तर मार्चमध्ये मिरची घ्यायला. 

वेळ मात्र सांभाळा. आता पाऊस आहे, ऑर्डर तशाही कमी, हीच दुरुस्तीची वेळ. दिवाळीच्या आधी महिनाभर साईटला हात लावायचा नाही, आणि मार्च ते मे, चटणीच्या दिवसांत, तर मुळीच नाही. त्या दिवसांत काही सुचलं तर वहीत लिहून ठेवा.

एक राहिलं. तुमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात असं पत्रावरून दिसतंय. 400 ग्रॅमची घरपोच किंमत ठरली की ती आधी व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये टाका, साईटवर नंतर. तिथं लोकांनी ‘बरं, पाठवा’ म्हटलं की किंमत बरोबर आहे हे आठवड्यात कळेल, साईटवर तेच कळायला दोन महिने लागतील. आणि माझा पुढचा पाऊच संकेश्वरी जास्त घालून पाठवा, पैसे साईटवरूनच भरतो, बघू किती मिनिटं लागतात.